राजा शोधू नका, चौकट त्यांच्याकडूनच मागून घ्या : ब्रिजमधला थ्रो-इन कसा करावा

एक्का आणि राणी आपल्याकडे, मधला राजा कुठे ते ठाऊक नाही. अशी मध्ये फट असलेली जोडी म्हणजे टेनेस. बहुतेक जण डमीतून, म्हणजे जोडीदाराच्या टेबलावर उघड्या मांडलेल्या पानांतून, लहान पान खेळतात आणि राणी लावून पाहतात, म्हणजे फिनेस घेतात. राजा उजवीकडे असेल तर जमतं, डावीकडे असेल तर राणी जाते. पण डावीकडच्या गड्यानेच तो रंग खेळला, तर आपलं पान शेवटी पडतं आणि राजा कुठेही असला तरी राणीचा हात मिळतो. आपणहून तो अर्थातच खेळणार नाही. बदाम सातमध्ये आपण एखादं पान दाबून ठेवतो आणि समोरच्याला नको ते पान सोडायला लावतो, तसंच इथे त्याला कोंडावं लागतं. हाच थ्रो-इन.

डेक्कनवरच्या आमच्या क्लबात एका शनिवारी ही पानं आली. मी दक्षिणेला, बोली चार इस्पिक, म्हणजे इस्पिक हुकूम आणि दहा हात करायचे.

उत्तर (डमी)
इस्पिक : राजा, १०, ८, ५
बदाम : ८, ५, २
चौकट : ७, ६, ३
किलवर : एक्का, ९, ४

दक्षिण (आपण)
इस्पिक : एक्का, राणी, गुलाम, ९, ६
बदाम : एक्का, ६, ४
चौकट : एक्का, राणी, ४
किलवर : राजा, ७

पश्चिमेने बदाम राजाची उतारी केली. मी एक्क्याने हात घेतला, दोनदा इस्पिक खेळून हुकूम काढले आणि किलवरच्या एक्क्याने डमीत जाऊन चौकटचा फिनेस घेतला. राजा पश्चिमेकडे निघाला. दोन बदाम, दोन चौकट, एक हात कमी. माझे पार्टनर वयाने वडिलांच्या बरोबरीचे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. बोर्ड संपल्यावर त्यांनी पानं पुन्हा टेबलावर मांडली आणि म्हणाले, "राजा शोधत कशाला बसलास? पश्चिमेकडून मागून घ्यायचा होतास."

त्यांनी मग जे दाखवलं, ते आता क्रमाने.

पहिलं पान खेळण्याआधी मोजून घ्या. इस्पिकचे पाच, बदामचा एक, किलवरचे दोन आणि चौकटच्या एक्क्याचा एक, असे नऊ हात हमखास आहेत. दहावा चौकटच्या राणीनेच करायचा आहे. आता विचारायचं, हात कोणाच्या गळ्यात घालायचा? टेनेस आपल्या हातात आहे, म्हणून चौकट पश्चिमेकडूनच यायला हवी. पूर्वेने ती खेळली तर आपल्याला पश्चिमेच्या आधी पान टाकावं लागेल आणि फायदा गेला. उतारीतच उत्तर दडलेलं आहे. राजा उतरला म्हणजे बहुधा मागे राणीही आहे. म्हणजे बदामचे हात पश्चिम घेणार, आणि तिला आत ढकलण्याचं पान बदामच.

आता तिच्या सुटकेच्या वाटा बंद करायच्या. बदाम आत्ताच परत खेळलात, तर ती हात घेऊन निवांत किलवर किंवा हुकूम खेळेल. म्हणून आधी एक्का आणि राणी खेळून हुकूम काढा. विरोधकांचे चारही हुकूम दोन-दोन वाटलेले निघाले. मग किलवरचा राजा, त्यानंतर डमीतला एक्का, आणि डमीतली नव्वी आपल्या इस्पिकच्या छक्कीने मारायची. क्रम उलटा करू नका. एक्का आधी खेळलात, तर राजा घेतल्यावर आपणच हातात अडकतो आणि डमीत जायला एक हुकूम खर्ची पडतो. तिसरी किलवर मारणं या पानांत सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि नवखे खेळाडू नेमकं तेच विसरतात. या मारण्याने हात वाढत नाही, म्हणून ते फुकट वाटतं. पण त्यामुळे आता आपल्या हातात आणि डमीत किलवर उरत नाही.

या घडीला सहा हात झाले. आपल्याकडे इस्पिक गुलाम आणि ९, बदाम ६ आणि ४, चौकट एक्का, राणी, ४. डमीत इस्पिक राजा आणि १०, बदाम ८ आणि ५, चौकट ७, ६, ३. आता बदामची चौकी खेळा. पश्चिमेकडे बदाम राजा, राणी, गुलाम, १० असे होते. हात तिला घ्यावाच लागतो. पुढचा बदामही ती घेईल, घेऊ द्या. इथे तिच्याकडे पाच पानं उरतात : एक बदाम, एक किलवर आणि चौकट राजा, गुलाम, ९.

तिने चौकट खेळली, तर पूर्व काहीही लावो, आपण राणीने किंवा एक्क्याने हात घेतो आणि शेवटी चौकटचा एकच हात जातो. बदाम किंवा किलवर खेळली, तर तो रंग आपल्याकडेही नाही आणि डमीतही नाही. डमीत हुकमाने मारायचं आणि हातातली चौकटची चौकी फेकायची. याला रफ अँड डिस्कार्ड म्हणतात. त्यानंतर एक्का खेळून राणी देऊन टाकली तरी दहा हात होतात. चौकटचा राजा पूर्वेकडे असता, तरीही हेच घडलं असतं. फिनेस पन्नास टक्क्यांचा होता. इथे राजाची जागा पाहावीच लागत नाही.

हुकमांबाबत एक सांभाळायचं. कोंडी होईल तेव्हा दोन्ही बाजूंना किमान एक-एक हुकूम शिल्लक हवा, नाहीतर रफ अँड डिस्कार्डचा धाक राहत नाही. हुकूम तीन-एक वाटलेले असते, तर तीन फेऱ्या काढूनही डमीत एक आणि किलवर मारल्यावर आपल्याकडे एक उरला असता. चार-शून्य असते, तर चार फेऱ्यांत डमी रिकामी झाली असती आणि ही योजना मोडली असती.

मला खरी भीती मात्र बदामच्या दश्शीची वाटते. समजा पश्चिमेकडे राजा, राणी, गुलाम, ९ आहेत आणि दश्शी पूर्वेकडे. आपण बदामची चौकी खेळतो. पश्चिमेने गुलामाने हात घेऊन घाईने राणी खेळली, तर ती कोंडलीच. पण गुलामानंतर तिने नव्वी खेळली, तर बदामच्या दश्शीने पूर्व हात घेते, लगेच चौकटची दश्शी खेळते आणि आपला टेनेस पश्चिमेच्या राजासमोर उघडा पडतो. डिक्लेअररकडे, म्हणजे बोली खेळणाऱ्याकडे, यावर इलाज नाही. म्हणून उद्या तुम्ही पश्चिमेला असाल, डिक्लेअररने हुकूम काढून दोन्हीकडची किलवर संपवली असेल आणि मग शांतपणे तुमच्याच रंगाचं लहान पान पुढे केलं असेल, तर गुलामाने हात घेतल्यावर राणी खेळण्याआधी आठवा, पूर्वेकडे दश्शी असू शकते का. असण्याची शक्यता वाटली, तर नव्वी खेळा.