थायरॉइडची गोळी वाढवूनही टीएसएच उतरत नाही? डोस वाढवण्याआधी या चुका टाळा

भांडुपच्या माझ्या दवाखान्यात गेल्या वर्षी एक काकू आल्या. वय ५२, वजन ५८ किलो. दोन वर्षं त्यांना ५० मायक्रोग्रॅमची थायरॉइडची गोळी, म्हणजे लिव्होथायरॉक्सिन, व्यवस्थित चालली होती. शरीराला थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की चढणारा टीएसएच ३.१, म्हणजे ठीक होता. मग अचानक तो ९.६ झाला. गोळी ७५ ची झाली, दोन महिन्यांनी टीएसएच ८.८. मग १०० ची झाली, तरी ७.२. "डॉक्टर, आता सव्वाशेची लिहून देणार का?" त्यांनी फाइल पुढे करत विचारलं.

मी लिहून दिली नाही, आणि त्याचं कारण साध्या हिशोबात होतं. थायरॉइडची ग्रंथी पूर्णच काम करेनाशी झाली, तर प्रौढ माणसाला किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतं. ५८ किलोला ते होतं जवळपास ९३. काकूंची ग्रंथी अजून थोडंफार काम करत होती, म्हणून तर ५० मध्ये भागत होतं. म्हणजे १०० ची गोळी खरंच रक्तात उतरत असती तर टीएसएच वर राहायचं कारणच नव्हतं. डोस दुप्पट होऊनही टीएसएच जेमतेम हलतो, तेव्हा पहिला संशय गोळी कमी पडण्याचा नसतो. ती पोटात जाते, पण शोषली जात नाही, हा असतो.

म्हणून मी त्यांना विचारलं, "काकू, काल सकाळी उठल्यापासून गाडीत बसेपर्यंत काय काय पोटात गेलं, ते क्रमाने सांगा." हा प्रश्न मी आता प्रत्येकाला विचारते. "गोळी वेळेवर घेता ना?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात आणि ते खरंही असतं. वेळ बरोबर असते, पण गोळीच्या सोबतीला काय जातं ते कुणी सांगत नाही.

काकूंची सकाळ अशी होती. पाचला उठणं, सव्वापाचला ॲसिडिटीची पँटोप्राझोलची गोळी. सहाला दुधाचा चहा, दोन बिस्किटं आणि त्या घोटाबरोबर थायरॉइडची गोळी. हाडांच्या डॉक्टरांनी फेब्रुवारीत कॅल्शियम दिलेलं आणि हिमोग्लोबिन ९.४ निघाल्यावर लोहाची गोळी सुरू झालेली. विसरायला नको म्हणून लेकीने आठवड्याची कप्प्यांची डबी आणून दिली होती. त्या डबीतल्या सकाळच्या कप्प्यात चारही गोळ्या एकत्र. लेकीने मायेनेच केलं होतं, पण टीएसएच बिघडला तो नेमका त्यानंतर.

चहा आणि नाश्ता

ही गोळी लहान आतड्यात शोषली जाते आणि रिकाम्या पोटीसुद्धा ती सगळीच्या सगळी शोषली जात नाही. पोटात अन्न, दूध किंवा कॉफी असेल तर प्रमाण आणखी घसरतं. म्हणून ती फक्त साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो एक तास, चहाही नाही. "बिनसाखरेचा घेतला तर चालेल का?" असं विचारतात. साखरेचा इथे प्रश्न नाही, दुधाचा आहे. कोरी कॉफीही चालत नाही. सोयाबीनचं दूध किंवा सोयाचं पीठ रोजच्या खाण्यात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

काकूंना दोन वर्षं चहाबरोबर गोळी चालली होती, कारण चहा रोजचाच होता आणि डोस त्या चहासकट जुळलेला होता. अडचण नव्या दोन गोळ्यांनी आली.

कॅल्शियम आणि लोह

या दोघांची गोष्ट अन्नापेक्षा कडक आहे. कॅल्शियम आणि लोह दोन्ही आतड्यात लिव्होथायरॉक्सिनला चिकटतात. त्या बांधल्या गेलेल्या औषधाला रक्तात शिरता येत नाही, ते शौचावाटे निघून जातं. म्हणून इथे अर्ध्या तासाचं अंतर पुरत नाही, किमान चार तास लागतात. मल्टिव्हिटॅमिनच्या बहुतेक गोळ्यांत लोह किंवा कॅल्शियम असतं, त्यामुळे त्यांनाही हाच नियम. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या पातळ ॲसिडिटीच्या औषधालाही हाच.

पँटोप्राझोलचं मात्र वेगळं आहे. ते गोळीला चिकटत नाही, पोटातलं आम्ल कमी करतं, आणि आम्ल कमी झालं की लिव्होथायरॉक्सिन नीट विरघळत नाही. हा परिणाम दिवसभर टिकतो, त्यामुळे तासांचं अंतर ठेवून तो पूर्ण टळत नाही. मुंबईत सकाळी उठल्या उठल्या 'पॅन' घेणारे मला रोज भेटतात, त्यातल्या कित्येकांना ती कुणी आणि कधी सुरू केली हेही आठवत नाही. ती खरंच लागते का, हे एकदा डॉक्टरांना विचारा. लागत असेल तर रोज घ्या आणि थायरॉइडचा डोस त्या हिशोबाने लावून घ्या. मनाला येईल तेव्हा घेणं आणि सोडणं सर्वांत वाईट, कारण मग टीएसएचही तसाच वरखाली होतो.

काकूंना ॲसिडिटीचा त्रास वर्षभरात झालेला नव्हता, तेव्हा ती गोळी आम्ही बंद केली. बाकीच्यांचं वेळापत्रक त्यांच्या लोकलप्रमाणे बसवलं. पाचला उठल्यावर थायरॉइडची गोळी आणि पेलाभर पाणी. मग आंघोळ, डबे, देवपूजा. सव्वासहाला चहा. लोहाची गोळी दादरच्या ऑफिसात अकराला, लिंबूपाण्याबरोबर, चहाबरोबर नाही, कारण चहा लोहालाही अडवतो. कॅल्शियम रात्रीच्या जेवणासोबत, कारण त्यांचं कॅल्शियम कार्बोनेटचं होतं आणि ते जेवणाबरोबर चांगलं लागू पडतं. कप्प्यांची डबी टाकून द्यायची गरज पडली नाही. थायरॉइडची गोळी तेवढी त्यातून बाहेर आली आणि तिची बाटली उशाशी, पाण्याच्या तांब्याजवळ गेली. ओट्यावर गॅसच्या शेजारी ती ठेवू नका, उष्णता आणि वाफ तिला सोसत नाही. पावसाळ्यात झाकण घट्ट लावा आणि आतली ओल शोषणारी पुडी फेकू नका.

ज्यांना सकाळी हे जमतच नाही, त्यांना रात्री झोपताना गोळी घेता येते. अट एकच, शेवटच्या खाण्याला तीन तास झालेले हवेत. साडेनऊला जेवून अकराला झोपणाऱ्या घरात हे बसत नाही, आणि वर हळदीचं दूध असेल तर मुळीच नाही. रात्रपाळीवाल्यांना मात्र आपल्या झोपेप्रमाणे अशी वेळ ठरवता येते. कुठलीही वेळ धरा, पण ती रोज तीच ठेवा.

पंधरा दिवसांत रिपोर्ट काढू नका

आता काकूंच्या डोसाचं काय? १०० ची गोळी नीट शोषली गेली तर ती त्यांना जास्त होणार, हे उघड होतं. पूर्वी ५० वर भागत होतं. मी त्याच दिवशी डोस ७५ वर आणला आणि सहा आठवड्यांनी तपासणी सांगितली. ही गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही: गोळी घ्यायची पद्धत सुधारणं म्हणजे डोस वाढवण्यासारखंच आहे. हे वाचून उद्यापासून चहा लांब ठेवणार असाल तर तेही डॉक्टरांना कळवा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा. वय जास्त असेल किंवा हृदयाचा आजार असेल तर कळवल्याशिवाय बदल करू नका.

सहा आठवडेच का? हे औषध शरीरातून अर्धं कमी व्हायला साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे डोस बदलल्यावर रक्तातली पातळी नव्या जागी स्थिरावायला पाचेक आठवडे जातात आणि मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी त्यानंतर टीएसएच जुळवून घेते. पंधरा दिवसांत काढलेला रिपोर्ट अर्ध्या वाटेवरचा असतो. त्यावरून डोस वाढवला की दोन महिन्यांनी तो जास्त झालेला दिसतो, मग कमी करायचा, आणि पेशंट वर्षभर झोपाळ्यावर. एका वेळी १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमचाच बदल करायचा, तोही याच कारणासाठी. औषध इतकं रेंगाळत असल्यामुळे एक दिवस गोळी चुकली तर घाबरायचं कारण नाही, त्या दिवशी पोट रिकामं असताना आठवेल तेव्हा घ्या.

पाचव्या आठवड्यात काकूंचा फोन आला. जिना चढताना धडधडतं, हात किंचित थरथरतात. हृदयाचा आलेख काढला, तो ठीक होता. आठवड्याने टीएसएच आला ०.३. प्रयोगशाळेची मर्यादा साधारण ०.४ ते ४ ची असते, म्हणजे आता डोस जास्त झाला होता. गोळी परत ५० वर आणली. पुढच्या सात आठवड्यांनी टीएसएच २.४, धडधड गेलेली. चार महिने १०० पर्यंत चढलेला डोस जिथून निघाला होता तिथेच येऊन थांबला.

रक्त देण्याच्या दिवशी

त्या सकाळी रक्त देऊन झाल्यावर गोळी घ्या. टी-फोरची, म्हणजे रक्तातल्या थायरॉइडच्या संप्रेरकाची, तपासणीही असेल तर गोळीनंतरचे काही तास तो चढलेला दिसतो. पण "आज रिपोर्ट आहे" म्हणून दिवसाची गोळी चुकवू नका. महिनाभर हलगर्जी करून शेवटच्या आठवड्यात नेमाने घेणारेही रिपोर्टात दिसतात: टी-फोर छान आणि टीएसएच चढलेला.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर त्या किमान दोन दिवस आधी थांबवा. अनेक प्रयोगशाळांच्या चाचणीत बायोटिन ढवळाढवळ करतं आणि टीएसएच खोटाच कमी दाखवतं. तसंच, केमिस्टने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली तर डॉक्टरांना कळवा, सहा आठवड्यांनी एकदा तपासणी करावी लागते.

या सगळ्या वाट पाहण्याला एक अपवाद आहे. गोळी सुरू असताना दिवस राहिल्याचं कळलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पहिल्या आठवड्यांत बाळ आईच्याच थायरॉइडवर अवलंबून असतं आणि आईची गरज बहुधा पाव हिश्शाने किंवा त्याहून जास्त वाढते, म्हणून डोस लगेच वाढवतात आणि टीएसएच दर चार आठवड्यांनी बघतात. प्रसूतिगृहातून लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतील, त्या घ्यायच्याच आहेत. फक्त कागदावर तीन वेगळ्या वेळा लिहून मागा, कारण लोह आणि कॅल्शियमही एकमेकांबरोबर घ्यायचं नसतं.