ओमेगा-३ मोजताना व्हिटॅमिन ए विसरू नका: फिश ऑइल, कॉड लिव्हर ऑइल आणि ताटातला बांगडा

दादरला औषधाच्या दुकानात काउंटरवर उभं राहून मला बरीच वर्षं झाली. काही चुका इतक्या वेळा समोर येतात की गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आधीच ओळखू येतात. त्यातली एक अशी: एकजण फिश ऑइल मागतो, दुसरा कॉड लिव्हर ऑइल मागतो आणि दोघांनाही वाटतं की आपण एकच वस्तू मागतोय. दोन्ही पिवळी, दोन्ही माशाची, दोन्हींचा ढेकर सारखाच. फरक मात्र असा आहे की एकीचा डोस वाढवला तर फारसं बिघडत नाही, दुसरीचा वाढवला तर बिघडू शकतं.

गेल्या पावसाळ्यात परळचं एक जोडपं आलं होतं. नवऱ्याचे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, वाढलेले. डॉक्टरांनी रोज १ ग्रॅम ओमेगा-३ घ्यायला सांगितलं होतं. बायको बाळाचा विचार करत होती आणि त्यासाठी एक मल्टिव्हिटॅमिन घेत होती. नवऱ्याने ‘फिश ऑइल १००० मिलिग्रॅम’ लिहिलेली कॅप्सूल आणली, रोज एक सुरू केली आणि हिशेब जमला असं समजून चालला. मग लंडनहून आलेल्या मावसभावाने कॉड लिव्हर ऑइलची बाटली भेट दिली. घरात ठरलं, कॅप्सूलवर पैसे कशाला, दोघंही चमचा-चमचा घेऊ. या एका घरात तीन चुका एकामागून एक झाल्या होत्या.

पहिली चूक: तेलाचं वजन म्हणजे ओमेगा-३ समजणं

डबीच्या पुढे मोठ्या अक्षरात छापलेले १००० मिलिग्रॅम हे तेलाचं वजन. आपल्याला हवे असतात त्यातले ओमेगा-३चे दोनच घटक, ईपीए आणि डीएचए. साध्या कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा १८० मिलिग्रॅम ईपीए आणि १२० मिलिग्रॅम डीएचए असतं, म्हणजे एकूण ३००. उरलेले ७०० मिलिग्रॅम इतर चरबी. नवऱ्याला १००० हवे होते, मिळत होते ३००. त्याला अशा तीन-चार कॅप्सूल लागल्या असत्या किंवा एकच जास्त तीव्रतेची, जिच्या मागे ईपीए आणि डीएचएची बेरीज मोठी असते. म्हणून डबी उलटी करा, बारीक अक्षरातले हे दोन आकडे शोधा आणि त्यांचीच बेरीज करा. आकडे ‘दोन कॅप्सूलमागे’ दिले असतील तर निम्मे करायला विसरू नका, ही युक्ती कंपन्या आवडीने वापरतात.

(ट्रायग्लिसराइड फारच वाढलेले असतील तर डॉक्टर २ ते ४ ग्रॅम देतात. त्या मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका थोडा वाढतो आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगाव्या लागतात. तो डोस काउंटरवर ठरत नाही.)

दुसरी चूक: ओमेगा-३ कमी पडलं म्हणून कॉड लिव्हर ऑइल वाढवणं

इथे जरा थांबून मासा समजून घेऊ. बांगडा, तारली, पेडवे हे मासे चरबी आपल्या मांसात साठवतात, म्हणून त्यांचं मांस तेलकट आणि गडद असतं. फिश ऑइल अशाच तेलकट माशांपासून काढतात. कॉड हा थंड समुद्रातला मासा, त्याचं मांस पांढरं आणि कोरडं. तो चरबी साठवतो यकृतात. यकृत हे व्हिटॅमिन एचंही कोठार असल्यामुळे त्याच्या तेलात ओमेगा-३च्या जोडीने व्हिटॅमिन ए आणि डी भरून येतात. पूर्वी मुलांना कॉड लिव्हर ऑइल पाजायचे ते या दोन व्हिटॅमिनांसाठीच, ओमेगा-३ हा शब्द तेव्हा कोणाला ठाऊकही नव्हता. दुसऱ्या महायुद्धात ते तेल येईनासं झालं तेव्हा आपल्याकडे शार्कच्या यकृताचं तेल काढायला लागले, तेही व्हिटॅमिन एसाठी.

आता त्या बाटलीचा हिशेब. नैसर्गिक कॉड लिव्हर ऑइलच्या ५ मिलिलिटरमध्ये साधारण ८०० मिलिग्रॅम ईपीए आणि डीएचए असतं. ओमेगा-३च्या बाबतीत ते साध्या कॅप्सूलच्या कितीतरी पुढे आहे. त्यांच्या बाटलीवर तेवढ्याच तेलामागे व्हिटॅमिन ए होतं १३०० मायक्रोग्रॅम. मी विचारलं, चमचा कुठला? त्यांनी हाताने दाखवला तो पोहे खायचा चमचा. त्यात १० मिलिलिटर सहज मावतं. म्हणजे रोज २६०० मायक्रोग्रॅम. बायकोच्या मल्टिव्हिटॅमिनवर लिहिलं होतं व्हिटॅमिन ए ५००० आययू. आययू हे वेगळं माप आहे. व्हिटॅमिन ए रेटिनॉल या तयार रूपात असेल तर आययूला ०.३ने गुणलं की मायक्रोग्रॅम मिळतात, तेव्हा ५००० आययू म्हणजे १५००. दोन्ही मिळून ४१००. मोठ्या माणसासाठी तयार व्हिटॅमिन एची रोजची वरची मर्यादा ३००० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे १०,००० आययू. बाटली आणि डबी समोरासमोर ठेवली तरी हे दिसलं नसतं, कारण एकीवर मायक्रोग्रॅम, दुसरीवर आययू.

नवऱ्याला मल्टिव्हिटॅमिन नव्हतं, त्यामुळे तो २६००वर होता, मर्यादेच्या आत. पण रविवारी घरात कलेजी होते का, असं विचारल्यावर दोघंही हसले. कोंबडीच्या १०० ग्रॅम कलेजीतच ३००० मायक्रोग्रॅमच्या वर व्हिटॅमिन ए असतं. एखाद्या रविवारी खाल्ली तर काही होत नाही, रोजच्या चमच्यावर दर आठवड्याला चढवली तर गोष्ट वेगळी. शिवाय वर्षानुवर्षं रोज १५००च्या वर गेलं तर हाडं ठिसूळ होण्याची शक्यता वाढते, म्हणून ब्रिटनमध्ये लोकांना त्या आकड्याखाली राहायला सांगतात.

सगळं व्हिटॅमिन ए सारखं नसतं, हेही लक्षात ठेवा. गाजर, लाल भोपळा, पालक यांतलं बीटा-कॅरोटीन शरीर गरजेपुरतंच बदलून घेतं, त्याने हा धोका होत नाही. मोजायचं ते तयार रेटिनॉल: यकृत, यकृताचं तेल आणि लेबलवर ‘रेटिनिल पामिटेट’ किंवा ‘रेटिनिल असिटेट’ असं लिहिलेलं. काही कंपन्या कॉड लिव्हर ऑइल शुद्ध करताना व्हिटॅमिन काढून टाकतात आणि नंतर ठरावीक प्रमाणात घालतात. त्यामुळे एका बाटलीचा आकडा दुसरीला लावू नका.

तिसरी चूक: त्रास झाला की कळेल, असं मानणं

पाण्यात विरघळणारी व्हिटॅमिनं जास्त झाली की बऱ्याच अंशी लघवीतून जातात. व्हिटॅमिन ए यकृतात साठत जातं. खुणा हळूहळू येतात: ओठ सारखे फुटणं, त्वचा सुटणं, केस गळणं, डोकं दुखणं, मळमळ, हाडं दुखणं, कधी रक्ततपासणीत यकृताचे आकडे वाढलेले. मुंबईत ओठ फुटले की एसीला आणि केस गळले की टँकरच्या पाण्याला दोष देतात, चमच्याकडे कोणी पाहत नाही.

गरोदरपणात तर आईला कोणतीच खूण जाणवत नाही. जास्त रेटिनॉलमुळे गर्भात व्यंग होऊ शकतं आणि नाजूक काळ असतो पहिल्या आठवड्यांचा, पाळी चुकल्याचं लक्षात येण्याच्या आसपासचा. म्हणून बाळाचा विचार सुरू झाला त्याच दिवशी कॉड लिव्हर ऑइल आणि कलेजी बंद. ‘अर्धा चमचा चालेल का?’ असं सासूबाई हमखास विचारतात. नाही. या दिवसांत ओमेगा-३ हवंच असेल तर व्हिटॅमिन ए नसलेलं फिश ऑइल किंवा मासा आहे. आधीच घेतलं असेल तर घाबरून इंटरनेट धुंडाळत बसू नका. बाटली आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, कारण किती आणि किती दिवस यावर सगळं ठरतं.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्यांनीही कॉड लिव्हर ऑइलला हात लावू नये, ते औषध व्हिटॅमिन एच्याच कुळातलं आहे. लहान मुलांची मर्यादा खूप कमी असते, १ ते ३ वर्षांना ६०० मायक्रोग्रॅम. आणि पाच वर्षांपर्यंत लसीकरणासोबत दर सहा महिन्यांनी व्हिटॅमिन एचा मोठा डोस मिळतच असतो. त्यावर घरचा चमचा बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको.

माशाच्या बाजारात होणारी चूक

‘आम्ही पापलेट खातो, मग ओमेगा-३ मिळतंच’, असं ऐकलं की मला बोलल्यावाचून राहवत नाही. महाग मासा म्हणजे तेलकट मासा नव्हे. बोंबील तर बहुतेक पाणीच. रावसाला इंग्रजीत भारतीय सॅमन म्हणतात म्हणून लोक त्याचा भाव देतात, पण तो सॅमनच्या कुळातला नाही. ओमेगा-३साठी कोळीण मावशींकडे तारलीचा वाटा मागा, नाहीतर बांगडा. तेलकट माशाच्या १०० ग्रॅम मांसात साधारण अर्धा ते एक ग्रॅम ईपीए आणि डीएचए मिळतं. तारलीची चरबी मोसमाप्रमाणे बरीच कमी-जास्त होते, म्हणून नेमका आकडा कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शुक्रवारी म्हणा, असा १०० ग्रॅम मासा पोटात गेला तर दिवसाला सरासरी १४० ते २८० मिलिग्रॅम पडतं. निरोगी माणसाला तेवढं बऱ्यापैकी पुरतं. मध्यम बांगड्याचं डोकं, काटे गेल्यावर ८०-९० ग्रॅम मांस उरतं, त्यामुळे माणशी एक बांगडा असा हिशेब धरा. माशाच्या मांसात व्हिटॅमिन ए थोडंच असतं, ती चिंता इथे नाही. तिरफळ घालून केलेल्या कालवणात माशाचं सुटलेलं तेल रश्श्यातच राहतं. भरपूर तेलात तळला तर त्यातलं काही कढईत जातं आणि कढईतलं माशात येतं.

कॅप्सूल घ्यायचीच असेल तर भरल्या पोटी, जेवणासोबत घ्या, ढेकर कमी येतात. आपल्या दमट हवेत डबी गॅसशेजारच्या फडताळात ठेवू नका. शंका आली तर एक कॅप्सूल कापून वास घ्या. माशाचा वास चालेल, पण जुन्या रंगासारखा तिखट वास आला तर फेकून द्या.

परळच्या जोडप्याने बाटली परत नेली ती मावसभावाला द्यायला नव्हे, डॉक्टरांना दाखवायला. बायकोचं तेल त्याच दिवशी बंद झालं, मल्टिव्हिटॅमिनही डॉक्टरांनी बदलून दिलं. नवऱ्याने तीव्र कॅप्सूल घेतली, मागचे दोन आकडे स्वतः वाचून. पैसे देताना म्हणाला, “श्रावणात मासे बंद असतात आमच्याकडे, कॅप्सूल चालेल ना?” मी म्हटलं, “औषध म्हणून चालेल, पण तेल माशाचंच आहे, आईंना विचारून घ्या.” आईंनी काय सांगितलं ते कळलं नाही. नारळी पौर्णिमेनंतर तो पुढच्या महिन्याची डबी न्यायला आला तेव्हा आधीची अर्धी शिल्लक होती.