तीन वर्षं ट्रेनीच?

अंकलेश्वरच्या एका कंपनीतून फोन आला, तेव्हा मी भुसावळ स्टेशनवर सुरतच्या गाडीची वाट बघत होतो. समोरच्या मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला, "तीन वर्षं झाली, अजून ट्रेनीच आहात का?" मी तर तीन वर्षांपासून क्यूसी केमिस्ट होतो. ट्रेनी होतो ते त्याआधीचं एक वर्ष. रेझ्युमेत तसंच लिहिलेलं होतं. पण मॅडम रेझ्युमे बघतच नव्हत्या, नोकरीच्या पोर्टलवरचे रकाने बघत होत्या. रेझ्युमेवरून पोर्टलनेच आपोआप भरलेले ते रकाने मी न वाचता सबमिट केले होते.

घोळ माझ्या रेझ्युमेच्या डिझाइनमध्ये होता. नेटवरून घेतलेला दोन कॉलमचा नमुना, डावीकडे तारखा, उजवीकडे पदं. माणसाच्या डोळ्याला ओळीसमोर ओळ दिसते. पोर्टल मात्र पीडीएफमधला नुसता मजकूर उचलतं, आणि पुष्कळदा आधी अख्खा डावा कॉलम आणि मग उजवा. खोलीवरचा अमळनेरचा मित्र म्हणाला, पीडीएफ उघड, सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये चिकटव. चिकटवलं आणि तोच ओरडला, "हाई काय शे रे भाऊ?"

```
Sep 2018 - Present
Aug 2017 - Jul 2018
QC Chemist
Trainee Chemist
```

आता यंत्राच्या जागी बसून बघा. क्यूसी केमिस्टच्या लगतची तारीख कोणती? ऑगस्ट २०१७ ते जुलै २०१८. ती त्याला चिकटली. उरलेली 'प्रेझेंट'वाली गेली ट्रेनीला. एकूण अनुभव चार वर्षांचा बरोबर दिसत होता, म्हणूनच मला संशय आला नाही. बेरीज जुळली की आपण आतलं तपासत नाही.

दुरुस्त करताना मी आणखी एक तास घालवला, तो तुमचा वाचावा. ट्रेनीच्या नोंदीत शेवटची तारीख टाकायला गेलो तर तो रकानाच दिसेना. कारण तिथे `I currently work here` वर टिक होती. आधी ती काढायची, मग तारखेचा रकाना उघडतो. त्यानंतर खऱ्या चालू नोकरीवर टिक करायची. दोन्ही नोंदींवर टिक राहिली तर एकाच वेळी दोन नोकऱ्या दिसतात आणि त्याचं उत्तर मुलाखतीत द्यावं लागतं. कामाच्या वर्णनाचा रकानाही खाली जाऊन बघा. माझ्या क्यूसीच्या नोंदीखाली टायट्रेशनच्या कामासोबत छंदही येऊन बसले होते. इतकं मिसळलेलं असेल तर ठिगळं लावू नका. नोंद डिलीट करून हातानेच नवी भरा, ते लवकर होतं.

आपल्याकडच्या मुलांचे दोन रकाने हमखास चुकतात. आपण आडनाव आधी लिहितो, म्हणून 'फर्स्ट नेम'मध्ये पाटील आणि 'लास्ट नेम'मध्ये वडिलांचं नाव जातं. ते आधार आणि पॅनप्रमाणे करून घ्या. दुसरा रकाना विद्यापीठाचा. माझी पदवी २०१७ची, तिच्यावर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ छापलंय. २०१८मध्ये नाव बदलून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. यादीत ते K खाली होतं, पोर्टल N खाली शोधून दमलं आणि `Other` टाकून मोकळं झालं. मी यादीतून नवं नाव निवडलं. प्रमाणपत्रावर जुनं आहे हे कागदपत्रं तपासताना सांगितलं की भागतं.

मग मूळ रेझ्युमेच बदलला. एकच कॉलम, टेबल नाही, आणि पद, कंपनी, तारीख एकाच ओळीत. महिना आकड्यात न लिहिता अक्षरात लिहिला, कारण 05/06 म्हणजे पाच जून की सहा मे हे यंत्राला कोण सांगणार? मोबाइल नंबर वर्डच्या हेडरमधून काढून पानावर घेतला. हेडरमधला मजकूर काही पोर्टल वाचतच नाहीत. दिसायला साधा झाला, मित्राला तर आवडलाच नाही. पण नोटपॅडमध्ये चिकटवला की सरळ वाचता येतो. आणि स्कॅन केलेला रेझ्युमे असेल तर नोटपॅडमध्ये काहीच येत नाही. तो फोटो असतो, मजकूर नव्हे.

नवी फाइल चढवल्यावर पुन्हा सगळे रकाने बघा. काही पोर्टल आधी हाताने सुधारलेलं पुसून नव्याने भरतात, काही जुन्याच्या खाली तीच नोंद आणखी एकदा जोडतात. माझं दुसरंच झालं. प्रोफाइल सुधारली, पण अंकलेश्वरला गेलेला अर्ज जुन्याच माहितीवर अडकून होता. सबमिट केलेल्या अर्जात बदल होत नव्हता, मागे घेऊन परत भरायची सोयही नव्हती. शेवटी मॅडमना दोन ओळींचा मेल टाकला: चालू पद क्यूसी केमिस्ट, सप्टेंबर २०१८पासून, पोर्टलवरची नोंद चुकलीय, दुरुस्त रेझ्युमे सोबत जोडलाय. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला, तेव्हा त्यांनी नोटीस पीरियड विचारला.