पाठ्यपुस्तकाच्या समासात फ्लिपबुक काढताय? या चुका टाळा

सहावीतल्या एका मुलाची ही गोष्ट. त्याला आपण बंड्या म्हणू. भूगोलाचा तास चालू असताना पुस्तकाच्या समासात बंड्याचा बोलर धावत असे. पानागणिक चित्र थोडं थोडं बदलत न्यायचं, मग पानं भराभर सोडली की ते हलताना दिसतं, हेच फ्लिपबुक. धावत यायचं, उडी मारायची, चेंडू टाकायचा आणि स्टंप उडवायचे, एवढीच गोष्ट. पण वर्गाला दाखवण्याजोगी व्हायला तिला अख्खं सत्र लागलं, आणि त्यातला बराचसा वेळ खोडरबर चालवण्यात गेला. त्याच्या चुका इतक्या नेहमीच्या आहेत की घरात असा कलाकार असेल तर त्या माहीत असलेल्या बऱ्या.

पहिली चूक सुरुवातीलाच झाली. त्याने पहिल्या पानापासून चित्रं काढायला घेतली. गोष्ट पहिल्या पानावर सुरू होते हे ऐकायला ठीक, पण हाताला ते सोयीचं नाही. फ्लिपबुक शेवटच्या पानाकडून काढावं. शेवटच्या पानावर पहिलं चित्र काढायचं आणि त्याच्या आधीचं पान त्यावर पडू द्यायचं. पाठ्यपुस्तकाचा कागद पातळ असतो, त्यामुळे खालची रेघ अंधूक दिसते. तिच्या आधाराने पुढचं चित्र किंचित सरकवून काढता येतं. पुढून सुरुवात केली तर आधीचं चित्र पानाच्या वर राहतं आणि पुढचं अंदाजानेच काढावं लागतं. बंड्याच्या पहिल्या बोलरचं डोकं दर पानाला लहानमोठं व्हायचं ते यामुळेच. शेवटून काढलेलं पुस्तक दाखवायचंही शेवटून: डाव्या हाताने शिवणीची बाजू धरायची, सगळी पानं उजव्या अंगठ्याने उचलून वाकवायची आणि मागच्या पानापासून एकेक सोडत यायचं.

चित्रं फक्त उजव्या हाताच्या, म्हणजे विषम आकड्यांच्या पानांवर येतात. त्याच्या पुस्तकात पान ९५ पासून पान ९ पर्यंत मोकळा कोपरा होता. म्हणजे ४४ चित्रं. सेकंदाला साधारण दहा पानं सुटतात असं धरलं तर सिनेमा साडेचार सेकंदांचा. मुलांना हा हिशेब आधी सांगावा, कारण साडेचार सेकंदांत राजा, राक्षस आणि युद्ध मावत नाही, एक बोल्ड मावतो. बंड्याने मग वाटणी केली: धावण्याला १८ चित्रं, उडी आणि हात फिरवण्याला ६, चेंडूला १०, स्टंप उडायला ६. उरलेली ४ शेवटासाठी राखून ठेवायची होती, पण ते त्याला नंतर कळलं.

दुसरी चूक जागेची. बोलर लांबून धावत यायला हवा म्हणून त्याने सुरुवात शिवणीजवळून केली. पानं भराभर सुटताना शिवणीकडचा भाग उघडतच नाही. दिसतो तो बाहेरच्या कडेचा चार-पाच सेंटिमीटरचा पट्टा. म्हणजे निम्मा रनअप कुणालाच दिसणार नव्हता. यावर उपाय असा की बोलरला जागेवरच धावू द्यायचं आणि मागची झाडं उलट्या दिशेला, दर पानाला दोनतीन मिलिमीटर सरकवायची. डोळ्याला बोलरच पळतोय असं वाटतं. दोन पावलं पूर्ण व्हायला सहा चित्रं पुरतात. तीच सहा तीनदा गिरवली की १८ झाली. हे करण्यात लबाडी काही नाही, कार्टूनवालेही असंच करत आले आहेत. पानाचा आकडा कोपऱ्यात छापलेला असेल तर मात्र त्यापासून लांब राहावं, नाहीतर बोलरच्या पायाखाली आकडे थरथरतात.

सगळ्यात जास्त वेळ घेतला चेंडूने. आधी बंड्याने तो दोनच चित्रांत स्टंपपर्यंत नेला, कारण ‘फास्ट बोलर आहे ना!’ चेंडू दिसलाच नाही. मग त्याने पट्टीने मोजून तिरप्या रेघेवर समान अंतरावर दहा ठिपके दिले, तर चेंडू दोरीला बांधून ओढल्यासारखा सरकला. खरी मेख वरखाली जाण्यात आहे. चेंडू पुढे जातो तो जवळजवळ सारख्या अंतराने, पण खाली येताना त्याचा वेग वाढत जातो. म्हणून टप्प्याकडे येताना दर चित्रागणिक उंचीतला फरक वाढवायचा: आधी एक मिलिमीटर, मग दोन, मग तीन. टप्प्यानंतर उलट: उसळी घेताना पहिला फरक मोठा, मग कमी कमी. टप्प्याच्या चित्रात चेंडू जरासा चपटा काढायचा, पुढच्या चित्रात पुन्हा गोल. हा चपटा ठिपका थांबून पाहिला तर चुकलेला वाटतो, पण पानं सोडली की चेंडूला वजन येतं.

स्टंप उडाले आणि पुस्तक संपलं, ही पुढची चूक. शेवटचं चित्र एकाच पानावर असेल तर डोळ्यांना ते पकडताच येत नाही. शेवट तीनचार पानं जसाच्या तसा गिरवावा. ती उरलेली ४ पानं इथे कामी आली.

मग तो वर्गात उभा राहिला. ऑफ तासाला सरांनी ‘काय आहे रे ते?’ विचारलं आणि पुस्तक लपवायला वेळच मिळाला नाही. फळ्याजवळ उभं राहून त्याने पानं सोडली. मागच्या बाकांना काही दिसलं नाही, पुढच्यांना अंगठा दिसला. शिवाय पावसाळ्यात ओलावा धरलेली पानं दोन-दोन, तीन-तीन एकदम सुटली आणि बोलर उडी न मारताच थेट चेंडूवर गेला. दोन सेंटिमीटरचं चित्र चाळीस जणांना एकदम दाखवायला जाणं हीच मुळात चूक. पाच-पाच जणांना बाकाभोवती बोलवावं. अंगठा चित्रावर नको, त्याच्या चार बोटं वर कडेला हवा. दाखवण्याआधी पानांची थप्पी थोडी तिरकी ढकलून कडा जिन्यासारखी करून घ्यावी, म्हणजे पानं एकेक सुटतात. बाकीच्यांसाठी सरांनी मोबाइल एकाच जागी टेकवून प्रत्येक पानाचा फोटो काढला आणि ते ओळीने चालवले.

(१८६८ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या जॉन बार्न्स लिनेटने फ्लिपबुकच्या युक्तीचं पेटंट घेतलं होतं. सरांनी हे सांगितलं तेव्हा वर्गाचं लक्ष मोबाइलकडे होतं.)

एक चूक बंड्याने केली नाही, ती सांगायला हवी. जेल पेन त्याने वापरलं नाही. जेलची शाई पातळ कागदातून मागे उतरते आणि समोरच्या पानावर तिचा डाग पडतो. शिवाय बऱ्याच शाळा वर्ष संपल्यावर पुस्तकं परत घेऊन पुढच्या मुलांना देतात. एचबी पेन्सिल गिरवायला पुरेशी गडद असते आणि खोडताही येते. टूबी जास्त ठसठशीत, पण ती समोरच्या पानाला काळं करते.

मोबाइलवर तिसऱ्यांदा पाहताना मागच्या बाकावरून ओरड झाली, ‘नो बॉल! नो बॉल!’ निम्मा वर्ग अंपायर झाला. सरांनी फोटो एकेक करून थांबवले. पोरांचं खरं होतं. उडीच्या सहा चित्रांत क्रीजची रेघ हळूहळू मागे सरकली होती, कारण प्रत्येक रेघ त्याने आधीच्या चित्रावरून गिरवली होती आणि केसभर चूक दर वेळी साठत गेली. न हलणारी गोष्ट नेहमी पहिल्याच चित्रावरून मोजावी. पानाच्या खालच्या कडेपासून आणि बाजूच्या कडेपासून किती मिलिमीटर, ते पट्टीने घ्यावं आणि प्रत्येक पानावर आधी तीच रेघ मारून मग बोलर काढावा. बंड्याने मधल्या सुट्टीत सहा पानांवरच्या रेघा खोडून नव्याने मारल्या आणि डबा खायचा राहिला.