शॅडो प्राइस १५० दिसली म्हणून तिसरी शिफ्ट लावलीत? रेंज वाचताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपचं प्लॅनिंग मी बघतो, आणि यातली पहिली चूक माझीच आहे, तेव्हा तिथनंच सुरू करतो. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केलेत, पण घडलं ते असंच.

आमच्याकडं दोन पार्ट चालतात. एक हायड्रोलिकची बॉडी आणि दुसरं कव्हर. बॉडीला सीएनसीवर ३ तास आणि ड्रिलवर १ तास लागतो, कव्हरला सीएनसीवर २ आणि ड्रिलवरही २, कारण भोकं जास्त. पंधरवड्यात सीएनसीचे २४० तास मिळतात (दोन शिफ्ट, १५ दिवस), ड्रिलचे १६०, आणि फाउंड्रीकडनं बॉडीची कास्टिंग येतात ६०, त्याच्यावर एक नाही. बॉडीमागं ५०० रुपये सुटतात आणि कव्हरमागं ४००. यात माल, इन्सर्ट वगैरे वजा झालंय, पगार मात्र वजा नाही, कारण तो महिन्याचा ठरलेलाच आहे.

एक्सेलच्या सॉल्व्हरला घातलं तर उत्तर आलं ४० बॉडी, ६० कव्हर आणि ४४,००० रुपये. रिपोर्टमध्ये सीएनसीच्या ओळीत `Shadow Price`, म्हणजे एक तास वाढला तर वाढणारे पैसे, १५०, ड्रिलच्या ओळीत ५०, कास्टिंगच्या ओळीत ०. रात्रपाळीला ऑपरेटर आणि लाइट धरून सीएनसीचा तास १०० रुपयांना पडतो. मी लगेच मालकांकडं, म्हणजे आमच्या अण्णांकडं गेलो आणि म्हटलं, तासाला ५० रुपये निव्वळ सुटायलेत, तिसरी शिफ्ट लावूया, १२० तासांचे ६,००० फायदा. अण्णा म्हणाले, लाव.

बाराव्या रात्री फोरमनचा फोन. "सर, बॉडीची कास्टिंग संपली की वो, आता मशीनवर काय चढवू?" कव्हर चढव म्हणावं तर ड्रिलपुढं आधीच कव्हरचा ढीग लागलेला. पंधरवड्याच्या शेवटी जमा झाले ५०,००० रुपये, म्हणजे ६,००० जास्त, आणि रात्रपाळीचे गेले १२,०००. सहा हजार मिळणार म्हणून सांगितलेलं, सहा हजार खिशातनं गेले.

आणि रिपोर्ट खोटं बोलला नव्हता. त्याच ओळीत दोन घरं पुढं `Allowable Increase` ४० असं स्वच्छ लिहिलेलं, मी ते वाचलंच नव्हतं.

ही ४० कुठनं आली ते समजून घ्या, नुसतं पाठ करू नका

बहुतेक लोक इथं "सॉल्व्हर म्हणतोय म्हणून" असं म्हणून पुढं जातात आणि मग पुढच्या सगळ्या चुका तिथनंच होतात, तर जरा थांबून बघा. सीएनसीचा एक तास वाढला तर काय होतं? ड्रिल आधीच पूर्ण भरलेलं आहे, त्यामुळं नुसती एखादी वस्तू वाढवता येत नाही, अदलाबदल करावी लागते. अर्धी बॉडी वाढते आणि पाव कव्हर कमी होतं. तपासून बघा: सीएनसीवर अर्ध्या बॉडीचे दीड तास वाढले, पाव कव्हरचा अर्धा तास सुटला, म्हणजे बरोबर एक तास. ड्रिलवर अर्धा वाढला, अर्धा सुटला, म्हणजे शून्य. पैशात अर्ध्या बॉडीचे २५० आले, पाव कव्हरचे १०० गेले, राहिले १५०. शॅडो प्राइस म्हणजे या अदलाबदलीचा भाव, दुसरं काही नाही.

मग भाव कुठवर टिकणार? अदलाबदल चालते तोवर. तासाला अर्धी बॉडी वाढते, आता ४० आहेत, कास्टिंग ६० आहेत, तर २० बॉडी वाढायला ४० तास. २८० तासांवर कास्टिंग संपतं आणि अदलाबदल बंद. त्यापुढं सीएनसीचा तास फुकट दिला तरी उपयोग नाही, भाव थेट ०. खाली येताना उलटं होतं, तासाला अर्धी बॉडी कमी होत जाते, ८० तास कमी झाले की बॉडी शून्य, आता आणखी काय कमी करणार? म्हणून `Allowable Decrease` ८०. १६० च्या खाली नुसती कव्हरच बनतात, एक तास गेला की अर्धं कव्हर गेलं, म्हणजे भाव २००.

तर एकूण चित्र असं: १६० तासांपर्यंत तासाचा भाव २००, १६० ते २८० पर्यंत १५०, त्यापुढं ०. फायद्याच्या एलपीत, म्हणजे अटींत राहून फायदा जास्तीत जास्त करायच्या अशा गणितात, तास वाढवत गेलं की भाव उतरतच जातो, मध्येच चढत नाही. तुमच्या टेबलात चढलेला दिसला तर मॉडेल घालताना कुठंतरी घोळ झालाय.

सॉल्व्हर फक्त मधला तुकडा दाखवतो, पुढच्या तुकड्यात भाव किती ते सांगत नाही. त्यासाठी आरएचएस, म्हणजे अटीतला उपलब्ध तासांचा आकडा, बदलून परत सोडवावंच लागतं. पायथन असेल तर एवढंच पुरे:

```python
from scipy.optimize import linprog
for h in range(140, 321, 20):
    r = linprog([-500, -400],
                A_ub=[[3, 2], [1, 2], [1, 0]],
                b_ub=[h, 160, 60])
    print(h, -r.fun)
```

१४० ला २८,०००, १६० ला ३२,०००, मग दर २० तासांना ३,००० नं वाढत २८० ला ५०,०००, आणि ३०० ला पण ५०,०००. तिथं वाढ थांबलेली डोळ्यांनी दिसते. पायथन येत नसेल तर एक्सेलमध्ये आकडा बदलून आठ-दहा वेळा सॉल्व्ह दाबा, पाच मिनिटांचं काम आहे.

रेंजमध्ये आहे म्हणजे प्लॅन तोच, असं नाही

ही चूक शिकलेल्या पोरांकडनं जास्त होते. रिपोर्टमध्ये दोन टेबलं असतात आणि दोन्हीत `Allowable Increase` नावाचा कॉलम आहे. वरच्या `Variable Cells` मधली रेंज नफ्याच्या आकड्याची: बॉडीचे ५०० रुपये २०० ते ६०० च्या मध्ये कुठंही गेले तरी ४० आणि ६० हा प्लॅन तसाच राहतो, फक्त एकूण पैसे बदलतात. खालच्या `Constraints` मधल्या रेंजचा अर्थ वेगळा, तिथं भाव तसाच राहतो पण प्लॅन बदलतो. सीएनसी २६० तास झालं, रेंजच्या आत आहे, पण प्लॅन आता ५० बॉडी ५५ कव्हर. आमच्याकडं एकानं "रेंजमध्येच आहोत" म्हणून जुनाच जॉबकार्ड फ्लोअरवर पाठवला, आणि वाढवलेले २० तास मशीन रिकामं.

टेबलात ती ओळच नाही किंवा रेंजच नाही

कास्टिंगची ६० ही अट सॉल्व्हरमध्ये थेट बॉडीच्या सेलवरच घातली असेल तर एक्सेल तिला साधी मर्यादा समजतं आणि `Constraints` च्या टेबलात दाखवत नाही, तिचा भाव लागलाच तर वर `Reduced Cost` मध्ये दिसतो. मग ४० चा अडथळा नेमका कुणाचा हे रिपोर्टवरनं कळत नाही. कास्टिंगचा वापर वेगळ्या सेलमध्ये काढा आणि त्या सेलवर अट घाला, ओळ येते. आणि `Shadow Price` च्या जागी `Lagrange Multiplier` दिसला तर मेथड `GRG Nonlinear` राहिलीय, `Simplex LP` करा. पूर्णांकाची अट घातली असेल तर हा रिपोर्ट मिळतच नाही, आणि ते बरोबरच आहे.

रेंज एका बाजूला शून्य

समजा फाउंड्रीनं ४० च कास्टिंग दिली. आता ४० बॉडी ६० कव्हर या एकाच ठिकाणी सीएनसी, ड्रिल आणि कास्टिंग तिन्ही अटी एकदम येऊन भिडतात. याला डिजनरेट म्हणतात. एका सॉफ्टवेअरवर सीएनसीचा भाव १५० आणि वाढायची जागा ०, दुसऱ्या सॉफ्टवेअरवर भाव ० आणि घटायची जागा ०. दोघंही खरं बोलतायत. एक तास कमी केला तर १५० जातात, एक तास वाढवला तर काही मिळत नाही. तेव्हा शून्य दिसला की त्या बाजूला भाव लावू नका, त्या बाजूनं एक तास सरकवून परत सोडवा. हे डिजनरेट प्रकरण आपल्याकडं गोल आकड्यांमुळं फार येतं, कारण कास्टिंगची ऑर्डर पण आधीच्या प्लॅनवरनंच दिलेली असते.

दोन आकडे एकदम बदलले

रेंज लिहिलेली असते ती बाकी सगळं जागच्या जागी धरून. ड्रिलची रेंज वर ८०, खाली ४०. एकदा सीएनसीला ३० तास वाढवले आणि त्याच पंधरवड्यात ड्रिलची मोटर गेली, २० तास कमी. दोन्ही आपापल्या रेंजमध्ये, म्हणून मी धरलं ४,५०० वाढ, १,००० घट, होतील ४७,५००. झाले ४६,०००. कारण दोन्ही बदल बॉडीच वाढवायला बघत होते आणि कास्टिंग ६० च. यासाठी शंभर टक्क्यांचा नियम आहे: ४० पैकी ३० म्हणजे ७५ टक्के, ४० पैकी २० म्हणजे ५० टक्के, बेरीज १२५, शंभरच्या वर गेली की भरवसा नाही.

पण भरवसा नाही म्हणजे भाव मोडलाच असंही नाही, आणि इथंच मला तिसऱ्या शिफ्टचं उत्तर सापडलं. ड्रिलचा जादा तास आम्हाला ६० रुपयांना पडतो आणि भाव ५०, म्हणजे एकट्यानं बघितलं तर तासाला १० चा तोटा, म्हणून मी तिकडं बघतच नव्हतो. पण ड्रिलचा तास वाढला की अर्धी बॉडी कमी होते, म्हणजे कास्टिंग सुटतं आणि सीएनसीला वर जायला जागा होते. सीएनसीला १२० आणि ड्रिलला ८० तास एकदम वाढवले तर टक्क्यांची बेरीज ४०० येते, तरी दोन्ही भाव जसेच्या तसे टिकतात: ६० बॉडी, ९० कव्हर, ६६,००० रुपये. वाढ २२,०००, खर्च सीएनसीचा १२,००० आणि ड्रिलचा ४,८००, हातात ५,२००.

अण्णांना हे दाखवलं तर त्यांनी आधी विचारलं, "ह्या वेळी कास्टिंग मोजलास काय?" मोजलंवतं. साठच.