कनेक्टिंग फ्लाइट बुक करताना या चुका टाळा

नौपाड्यात माझं तिकीट बुकिंगचं छोटं ऑफिस आहे, आणि 19 वर्षांत सगळ्यात जास्त फोन मला एकाच कारणासाठी आले आहेत: "ताई, पुढचं विमान चुकलं, आता काय करू?" विमान चुकल्यावर मला करता येण्यासारखं फार थोडं उरतं. जे करायचं ते तिकीट काढतानाच करायला हवं होतं, म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात मोठी चूक आधी घेते, कारण तिनं माणसं रडलेली मी पाहिली आहेत. वेळापत्रकात दोन विमानांमध्ये जितके तास दिसतात, तितके तास आपल्या हातात आहेत असं लोक धरून चालतात.

पाचपाखाडीतले एक काका-काकू जर्मनीत मुलीकडे तीन महिने राहून डिसेंबरात परत येत होते. तिकीट जावईबापूंनी काढलं होतं. फ्रँकफर्ट ते दिल्ली एका कंपनीचं आणि दिल्ली ते मुंबई दुसऱ्या कंपनीचं, अशी दोन स्वतंत्र तिकिटं. दोन्ही मिळून चार हजार रुपये वाचले होते. दिल्लीत उतरायची वेळ सकाळी 9:20, मुंबईचं विमान 12:05. "पावणेतीन तास आहेत की, निवांत होईल," असं जावयांनी मला निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं. मी म्हटलं, काकूंचे गुडघे दुखतात, सामान चार बॅगा, थोडं पुढचं विमान घ्या. पण तिकीट बदलायचे पैसे लागणार होते, म्हणून राहिलं.

आता हे पावणेतीन तास उलगडून बघू. धुकं नाही, विमान अगदी वेळेवर आलं असंच धरू. 9:20 ही विमान जागेवर उभं राहण्याची वेळ. मागच्या रांगेतून बाहेर पडून इमिग्रेशनच्या हॉलपर्यंत चालत जायला 25 मिनिटं, म्हणजे 9:45. त्याच सुमारास आणखी दोन-तीन मोठी विमानं उतरलेली असतात, तेव्हा रांगेत अर्धा तास धरा: 10:15. चौथी बॅग पट्ट्यावर येईपर्यंत 10:35. कस्टम्स ओलांडून बाहेर 10:45. इथपर्यंत ठीक वाटतं. पण पुढचं विमान होतं टर्मिनल 1 वरून आणि आंतरराष्ट्रीय विमान उतरतं टर्मिनल 3 वर. ही दोन टर्मिनलं चालत जाण्याच्या अंतरावर नाहीत. बस किंवा टॅक्सी शोधून, चार बॅगा चढवून, टर्मिनल 1 च्या दारात पोचायला 11:20 झाले असते. आणि देशांतर्गत विमानाचं चेक-इन काउंटर साधारणपणे सुटण्याच्या 60 मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे 11:05 ला.

म्हणजे सगळं सुरळीत झालं असतं तरी विमान चुकणारच होतं. बॅगा द्यायच्या असतील तर आपली मुदत 12:05 नसते, 11:05 असते. पावणेतीन तासांतला खरा वापरायचा वेळ होता पावणेदोन तास, आणि त्यातला अर्धा तास टर्मिनल बदलण्यातच जाणार होता.

प्रत्यक्षात धुकं होतं. विमान 38 मिनिटं उशिरा आलं, काकूंना व्हीलचेअरसाठी थांबावं लागलं, आणि दोघं बाहेर आले तेव्हा 11:40 वाजले होते. दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर उत्तर मिळालं की तुमची मागची फ्लाइट उशिरा आली हा आमचा विषय नाही, तुम्ही नो-शो आहात. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं. संध्याकाळच्या विमानाची दोन नवी तिकिटं 23 हजारांना पडली. काकू विमानतळावरच्या खुर्चीत सात तास बसून होत्या, हे मला आजही टोचतं.

हाच प्रवास एका पीएनआरवर असता, म्हणजे फ्रँकफर्ट ते मुंबई असं एकच तिकीट असतं, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी विमान कंपनीची होती. शिवाय अशा तिकिटावर सामान मुंबईपर्यंत टॅग होतं. दिल्लीत ते साधारणपणे पट्ट्यावरून घेऊन कस्टम्स ओलांडावं लागतंच, पण लगेच बाहेर ट्रान्सफर काउंटरवर परत देता येतं. नवं चेक-इन नाही, वजनाचा वाद नाही. काही वेबसाइट दोन वेगळी तिकिटं एकत्र जोडून एकाच प्रवासासारखी दाखवतात आणि बारीक अक्षरांत 'सेल्फ ट्रान्सफर' असं लिहितात. तो शब्द दिसला की मी ते पान बंद करते. परदेशात तर त्यात आणखी एक खाच असते. सामान स्वतः घ्यायचं म्हणजे इमिग्रेशन ओलांडून त्या देशात शिरायचं, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. चार हजार वाचवताना हे कोणी बघत नाही.

दुसरी चूक जरा अभ्यासू मंडळींची. ते मला सांगतात, "अहो, मिनिमम कनेक्शन टाइम 45 मिनिटं आहे, मी वाचलंय. माझ्याकडे तर 55 आहेत." बरोबर वाचलंय. प्रत्येक विमानतळाची अशी किमान वेळ ठरलेली असते, आणि देशांतर्गत ते आंतरराष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय ते आंतरराष्ट्रीय अशा प्रत्येक बदलासाठी ती वेगळी असते. फ्रँकफर्टची 45 मिनिटं प्रसिद्ध आहेत, व्हिएन्नाची तर 25. पण ही वेळ सांगते की याहून कमी अंतराचं कनेक्शन एका तिकिटावर विकायचं नाही. पहिलं विमान वेळेवर येईल असं धरूनच ती मोजलेली असते. मुंबईचा विमानतळ एका वेळी एकाच धावपट्टीवर चालतो. जुलैच्या पावसात नाही तर संध्याकाळच्या गर्दीत उड्डाणाच्या रांगेत अर्धा तास जाणं इथे नवं नाही. मग त्या 55 मिनिटांतली 25 उरतात आणि पुढचं गेट सुटण्याच्या 20 मिनिटं आधी बंद होतं.

तरी लोक असं कनेक्शन का घेतात, तर यादी 'सगळ्यात कमी वेळ' अशी लावली की ते वर येतं. मुंबई ते फ्रँकफर्ट थेट विमान सुमारे 9 तासांचं. दुबईमार्गे गेलात तर उडण्याचे सव्वातीन आणि सात मिळून सव्वादहा, कारण वाट वळसा घेते आणि चढणं-उतरणं दोनदा होतं. त्यात अडीच तासांचा थांबा धरला की पावणेतेरा. थांबा सव्वा तासाचा घेतला तर यादीत साडेअकरा दिसतात आणि मन तिकडे ओढतं. पण ते कनेक्शन चुकलं आणि पुढचं विमान आठ तासांनी असलं, तर साडेअकराचे साडेएकोणीस होतात. सव्वा तास वाचवायला आठ तास पणाला लावायचे, हा व्यवहार मला पटत नाही.

म्हणून मी थांब्याची वेळ ठरवताना आधी एकच गोष्ट बघते: हे चुकलं तर पुढचं विमान कधी आहे? दिल्ली-मुंबई दिवसभर विमानं चालू असतात, तिथे एका तिकिटावर थोडी जोखीम चालते. पण पुढचं विमान दिवसातलं शेवटचं असेल, किंवा एखाद्या लहान शहराला दिवसातून एकदाच जाणारं असेल, तर मी थांबा सरळ दीडपट करते.

माझी सवय साधारण अशी आहे. एकाच तिकिटावर परदेशात विमान बदलायचं, टर्मिनल तेच, तर किमान दोन तास. एकाच तिकिटावर परदेशातून येऊन दिल्लीत देशांतर्गत विमान घ्यायचं, तर साडेतीन तास. तिकिटं वेगळी काढावीच लागली, तर सहा तास. आणि 15 डिसेंबर ते जानेवारीअखेर दिल्लीत वेगळ्या तिकिटाचं सकाळचं कनेक्शन मी काढून देतच नाही, दिल्लीत रात्र काढा म्हणते. व्हीलचेअर, लहान मूल किंवा पहिलाच विमानप्रवास असेल तर या प्रत्येकात एक तास वाढवा. तरुण मुलं यावर हसतात. त्यांनी स्वतःसाठी कमी घ्यावं, आईवडिलांसाठी घेऊ नये.

आपल्याकडे आता एक नवी चूक सुरू झाली आहे. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून 'मुंबई' शोधलं की BOM आणि NMI दोन्ही दिसतात. नागपूरहून येणारा भाचा NMI ला उतरणार आणि रात्री BOM वरून परदेशी जाणार, असं तिकीट लोक आनंदानं काढतात, कारण दोन्हीकडे मुंबई लिहिलेलं असतं. उलवे ते सहार म्हणजे वाशीचा पूल, चेंबूर आणि मग पुढची सगळी गर्दी. संध्याकाळी मी या रस्त्याला अडीच तास धरते, वर आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी हजर राहायचं. सहा तासांपेक्षा कमी अंतर असेल तर दोन्ही विमानं एकाच विमानतळावरची शोधा. तिकिटावर शहराचं नाव न वाचता तीन अक्षरं वाचायची सवय लावा.

थांबा मोजताना वेळेचा फरक मिळवू नका. दुबईला 6:00 ला उतरलात आणि 8:30 ला निघालात, तर थांबा अडीच तासच. दोन्ही वेळा दुबईच्याच घड्याळातल्या आहेत.

रात्री 00:40 चं विमान 15 तारखेचं असेल तर घरून 14 तारखेला संध्याकाळी निघायचं असतं.

पहिला टप्पा सोडून मधूनच विमानात बसायचा विचार करू नका, पुढचे सगळे टप्पे रद्द होतात, परतीचेसुद्धा.

आणि काउंटरवर बॅगेला टॅग लागला की तो वाचा. शेवटच्या ठिकाणची तीन अक्षरं तिथे नसतील तर रांगेतून हलू नका, तिथल्या तिथे विचारा.

काका-काकू गेल्या ऑक्टोबरात पुन्हा मुलीकडून परत आले. या वेळी तिकीट एकच होतं, दिल्लीत थांबा 4 तास 40 मिनिटं, आणि व्हीलचेअर तिकिटासोबतच मागून ठेवली होती. काकांनी सुरक्षा तपासणीपलीकडून फोन केला तेव्हा मी घड्याळ बघितलं. विमान उतरल्याला दोन तास झाले होते, चारही बॅगा BOM चा टॅग लावून पुढे गेल्या होत्या, आणि काकू इडली खात बसल्या होत्या.