रोजच्या रीचची बेरीज करू नका

रीच म्हणजे पोस्ट किती वेगवेगळ्या अकाउंट्सना दिसली. इम्प्रेशन्स म्हणजे ती एकूण किती वेळा दिसली. इन्स्टाग्राम-फेसबुकवर आता त्या जागी व्ह्यूज दिसतात. एकाच माणसाने पोस्ट तीनदा पाहिली, तर रीच १ आणि इम्प्रेशन्स ३. एवढं सगळ्यांना पाठ असतं, तरी महिनाअखेर तीच चूक होते.

हाताने शिवलेल्या बॅगा विकणाऱ्या एका ताईंनी मला त्यांची वही दाखवली. रोजचा रीच साधारण ४००. २८ दिवसांची बेरीज केलेली: ११,२००. चौकशीचे मेसेज नऊ. "अकरा हजार लोकांनी पाहिलं आणि नऊच जणांनी विचारलं, म्हणजे किंमतच जास्त आहे," असं म्हणून त्या दर उतरवायला निघाल्या होत्या. मी इनसाइट्समध्ये २८ दिवसांची तारीख निवडायला लावली. रीच निघाला १,५००. इम्प्रेशन्स १३,५००.

सोमवारी पाहणाऱ्याने मंगळवारीही पाहिलं, तर तो पुन्हा मोजला जातो, म्हणून रोजचे आकडे जोडले की तीच माणसं पुन्हा पुन्हा धरली जातात. पूर्ण मुदतीचा रीच अ‍ॅपलाच विचारायचा. इम्प्रेशन्सची बेरीज मात्र चालते.

१३,५०० भागिले १,५०० म्हणजे ९. प्रत्येकाला सरासरी नऊ वेळा बॅगा दिसल्या होत्या. १,५०० जणांत नऊ चौकशा, ही किंमत चुकल्याची खूण नव्हे. नवीन माणसं पेजपर्यंत पोचतच नव्हती. रीचची विभागणी पाहिली, तर जवळजवळ सगळे जुने फॉलोअर्सच. दर कमी केले असते, तर त्याच लोकांना स्वस्तात माल गेला असता. त्याऐवजी त्यांनी फॉलोअर नसलेल्यांसाठी छोटी जाहिरात लावली आणि तिचा रीच वहीत वेगळ्या रकान्यात लिहिला. हे वेगळं लिहिणं मी कधीच सोडत नाही, कारण पैसे देऊन मिळालेला रीच साध्या रीचमध्ये मिसळला की पोस्ट चांगली होती का, हे कळतच नाही.

एंगेजमेंट रेटमध्येही अशीच गफलत होते. एका पोस्टला २०० रीचवर ३० प्रतिसाद, म्हणजे १५ टक्के. दुसरीला २,००० रीचवर ८०, म्हणजे ४ टक्के. घाईत असलेली नवी मंडळी दुसरी पोस्ट 'पडली' म्हणून डिलीट करतात. मला याचा फार राग येतो. ती अनोळखी लोकांपर्यंत गेली असेल, तर टक्का उतरणारच. आणि भागायचं कशाने, रीचने की फॉलोअर्सने, हे एकदा ठरवून कायम तेच ठेवा.

कमेंट्स मोजताना तुमची स्वतःची उत्तरं वगळा.

लाइक विकत घेऊ नका. ती खाती माल घेत नाहीत.

पोस्ट टाकून दोन तासांत निकाल लावू नका. मी सात दिवसांनी आकडा लिहिते आणि शेअर, सेव्ह व मेसेज लाइकपासून वेगळे मोजते. ताईंच्या वहीतही आता 'मेसेज' हा रकाना पहिला आहे.